हिपॅटायटिस बीचा जन्मडोस: २४ तास घड्याळाचे असतात, लसीकरणाच्या वाराचे नाही

मी बरीच वर्षं लेबर रूमला होते, नंतर लसीकरणाला आले, आणि कार्डं बघताना एकच चूक पुन्हापुन्हा दिसते. बाळ दवाखान्यात जन्मलंय, आई तीन दिवस अ‍ॅडमिट होती, बीसीजी दिलेलं, पोलिओचे थेंब दिलेले, आणि हिपॅटायटिस बीच्या रकान्यात चौथ्या दिवसाची तारीख. किंवा रकाना कोराच. लस नव्हती म्हणून नाही, बहुतेक वेळा लस त्याच बिल्डिंगमधे आयएलआरमधे, म्हणजे लसींच्या फ्रीजमधे, पडून असते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय, लेबर रूमच्या सिस्टर, आशाताई आणि बाळाच्या घरचे अशा तिघांसाठी, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या लसीचं पण.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. जन्माच्या वेळच्या तीन लसींना तीन वेगळ्या मुदती आहेत. बीसीजी वर्षाच्या आत चालतं, पोलिओचा झिरो डोस १५ दिवसांपर्यंत, पण हिपॅटायटिस बीला २४ तासच. आणि गडबड इथेच होते, कारण बीसीजीची बाटली एकदा विरघळवली की ४ तासांत संपवावी लागते, म्हणून चार-पाच बाळं जमली की लसीकरणाच्या दिवशी ती फोडतात, आणि "सगळं एकदमच देऊ" म्हणून हिपॅटायटिस बी पण त्या दिवसापर्यंत थांबते. थांबायचं तर बीसीजीने थांबावं. हिपॅटायटिस बी हे लसीकरण सेशनचं काम नाही, ते नाळ बांधणं, व्हिटॅमिन के देणं यांच्यासारखं लेबर रूमचं काम आहे.

घाई कशासाठी तेही सांगते. बाळाला हिपॅटायटिस बीचा, म्हणजे लिव्हरला होणाऱ्या काविळीचा, व्हायरस आईकडून मुख्यतः बाळंतपणातच लागतो, रक्त आणि स्रावातून, आणि जन्माच्या वेळी लागण झालेल्या १०० बाळांपैकी साधारण ९० जणांच्या शरीरात तो कायमचा राहतो, मोठ्या माणसात हेच प्रमाण ५ च्याही खाली आहे. म्हणजे लस इथे व्हायरसच्या मागून धावतेय, जितका उशीर तितकी ती मागे पडणार.

टप्पा १: बाळंतपणाच्या आधी आईचा रिपोर्ट हातात घ्या

गरोदरपणात एचबीएसएजी टेस्ट होते, आईला या व्हायरसची लागण आहे का ते बघायला, डॉक्टर लोक तिला "ऑस्ट्रेलिया अँटिजेन" पण म्हणतात. रिपोर्टवर यातलं कुठलंही नाव असलं तरी टेस्ट तीच. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सगळ्या तपासण्या सासरच्या तालुक्यात झालेल्या असतात आणि फाइल तिकडेच कपाटात राहते, हे फार होतं. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येतानाच फाइल बॅगेत टाका, आणि रिपोर्टचा फोटो दोन जणांच्या फोनमधे ठेवा.

"आमच्या घरात कुणाला कावीळ नाही" हे उत्तर रिपोर्टच्या जागी चालत नाही. हा व्हायरस वर्षानुवर्षं अंगात असलेला माणूस पिवळा दिसत नाही, शेतात राबत असतो, जेवत असतो, काही म्हणजे काही कळत नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर अजून दोन गोष्टी वेळेत व्हायला हव्यात. एक, आईची एचबीव्ही डीएनए टेस्ट, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते. तो २ लाख युनिट प्रति मिलीच्या वर असेल तर डॉक्टर टेनोफोविर ही गोळी चालू करतात, २८ आठवड्यांपासून तरी, म्हणजे बाळंतपणापर्यंत व्हायरस खाली येतो. आठव्या-नवव्या महिन्यात पहिल्यांदा रिपोर्ट दाखवला तर ही संधी बरीचशी हातातून जाते. दोन, बाळंतपण कुठे होणार ते ठरवून तिथे इम्युनोग्लोब्युलिन मिळेल का हे आधीच विचारून ठेवणं. हे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन असतं, लस नव्हे, आणि राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात पॉझिटिव्ह आईच्या बाळासाठी ते मोफत मिळतं, पण प्रत्येक छोट्या दवाखान्याच्या फ्रीजमधे नसतं.

*तपासा:* आई लेबरमधे आली आणि रिपोर्टच नाही, तर लगेच रॅपिड कार्ड टेस्ट करा. पण लस त्या रिपोर्टसाठी अडवू नका. लस प्रत्येक बाळाला आहे, निगेटिव्ह आईच्याही.

टप्पा २: बाटली लेबर रूमच्या जवळ आणा, आणि गोठू देऊ नका

रात्री अडीच वाजता बाळ झालं आणि आयएलआरच्या खोलीची चावी फार्मासिस्टच्या घरी, ही गोष्ट मी स्वतः अनुभवलीय, एका दवाखान्यात आम्ही सकाळी दहापर्यंत नुसती वाट बघत बसलो होतो. उपाय साधा आहे, एक बाटली लेबर रूमच्या फ्रीजमधे किंवा कॅरियरमधे, म्हणजे लसीच्या थंड पेटीत, कायम ठेवायची आणि ती ड्यूटी बदलताना औषधांच्या ट्रेसारखी मोजून ताब्यात द्यायची.

तापमान २ ते ८ डिग्री. आणि इथे लोकांचा उलटा समज असतो की जितकं गार तितकं चांगलं. ही लस उन्हापेक्षा बर्फाने लवकर मरते, शून्याच्या जरा खाली गेलं की गोठते आणि गोठलेली लस कामातून गेली. म्हणून घरगुती टाइपच्या फ्रीजमधे फ्रीझरच्या खाली चिकटवून ठेवायची नाही, दारातही ठेवायची नाही, मधल्या कप्प्यात थर्मामीटरसोबत. कॅरियरमधे फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक थेट टाकायचे नाहीत, बाहेर ठेवून घाम येऊ द्यायचा, हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज आला की मग टाकायचे.

गोठली असेल असा संशय आला तर शेक टेस्ट. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयाची आणि ही अशा दोन्ही बाटल्या एकत्र हलवायच्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघत बसायचं. गोठवलेल्या बाटलीत पांढरी कणीदार साय भराभर तळाला बसते आणि वर पाणी निवळतं. संशयाची बाटलीही तशीच वागली तर ती फेका. ती दुधाळ राहिली आणि सावकाश बसली तर चालेल. डोळ्यांनी बर्फ दिसलेल्या बाटलीला मात्र टेस्ट बिस्ट काही नाही, सरळ बाद.

दुसरी अडचण म्हणजे "एका बाळासाठी दहा डोसची बाटली कशी फोडू". फोडा. हिपॅटायटिस बीला ओपन व्हायल पॉलिसी लागू आहे, उघडलेली बाटली २८ दिवस चालते, फक्त उघडल्याची तारीख आणि वेळ बाटलीवर लिहायची, एक्सपायरी गेलेली नसावी, व्हीव्हीएमचा, म्हणजे बाटलीवरच्या उष्णता दाखवणाऱ्या खुणेचा, आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असावा, रबराचं झाकण पाण्यात बुडालेलं नसावं. बीसीजीचा ४ तासांचा नियम डोक्यात बसल्यामुळे लोक इथेही घाबरतात.

टप्पा ३: डोस देणं

हे लहानसं काम आहे पण क्रम पाळा.

१. बाळाच्या जन्माची वेळ केसपेपरवरून वाचा, अंदाजाने नको. २४ तास तिथून मोजायचे.

२. बाटली हलवा. लस खाली बसते, न हलवता काढली तर एकाला पाणी आणि शेवटच्याला गाळ जातो.

३. ०.५ मिलीची एडी सिरिंज, म्हणजे एकदा वापरली की आपोआप बाद होणारी. पूर्ण ०.५ मिली, "बाळ छोटं आहे म्हणून कमी" असं करायचं नाही.

४. डावी मांडी, पुढच्या-बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. कुल्ल्यावर कधीच नाही. मांडीवर आईचं रक्त लागलेलं असेल तर आधी स्वच्छ पुसून कोरडं करा, विशेषतः आई पॉझिटिव्ह असेल तर.

५. सुईला टोपण परत लावू नका, तशीच हब कटरमधे.

६. कार्डावर तारखेसोबत *वेळ* लिहा. नुसती तारीख लिहिली तर रात्री जन्मलेल्या बाळाला डोस २४ तासांत गेला की ४० तासांनी, ते नंतर कुणालाच कळत नाही.

*घरच्यांनी तपासा:* जन्मल्याबरोबर बाळाला मांडीत एक इंजेक्शन देतात ते व्हिटॅमिन के असतं, रक्तस्राव होऊ नये म्हणून. "हो हो, सुई दिली" एवढ्यावर समाधान मानू नका. वॉर्डमधून घरी जायच्या आधी नाही, तर पहिल्याच दिवशी विचारा, "सिस्टर, हिपॅटायटिस बीचा दिला का, किती वाजता?"

बाळाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळेपणा येतो तो बहुतेक वेळा नवजात बाळाचा नेहमीचा असतो, या लसीने येत नाही, आणि या लसीला "काविळीची लस" म्हणतात म्हणून आजी लोक घाबरतात, त्यांना हे आधीच सांगून टाकलं की पुढचे डोस सोपे जातात. वजन कमी असलेल्या बाळाबद्दल डॉक्टरांना विचारा, पण आई पॉझिटिव्ह असेल तर वजन बघून थांबायचं नाही. अशा कमी वजनाच्या बाळाचा जन्मडोस मोजणीत न धरता पुढचे तीन पूर्ण मिळालेच पाहिजेत.

टप्पा ४: आई पॉझिटिव्ह असेल तेव्हा

आता दोन इंजेक्शनं. डाव्या मांडीत लस, उजव्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन १०० युनिट, साधारण ०.५ मिली, पण बाटलीवरची युनिट वाचूनच काढा. होता होईल तो १२ तासांच्या आत. व्हिटॅमिन के उजव्याच मांडीत दिलं असेल तर एक इंच अंतर सोडा. एका सिरिंजमधे दोन्ही मिसळणं किंवा एकाच जागी देणं ही मोठी चूक, कारण तयार अँटीबॉडी लसीला तिथेच निकामी करू शकतात. आणि इम्युनोग्लोब्युलिन आलं नाही म्हणून लस थांबवून ठेवणं ही त्याहून मोठी चूक. लस आधी जाऊ दे.

एक केस पूर्ण सांगते, म्हणजे वेळेचं गणित कळेल. शनिवार १ मार्च २०२५, संध्याकाळी सहाला पहिलटकरीण आली, माहेरी आलेली, फाइल नाही. नवऱ्याने व्हॉट्सॅपवर रिपोर्टचा फोटो पाठवला, पाचव्या महिन्यातला, पॉझिटिव्ह. आम्ही कार्ड टेस्ट परत केली, दोन रेघा आल्या. बाळंतपण व्हायच्या आधीच, सात वाजता, जिल्ह्याच्या हॉस्पिटलला फोन केला आणि वॉर्डातल्या मामांना कॅरियर घेऊन गाडीबरोबर पाठवलं. बाळ झालं रात्री ११:४० ला. १२:२५ ला लस दिली. गाडी पहाटे चारला आली, ४:२० ला इम्युनोग्लोब्युलिन. म्हणजे ४ तास ४० मिनिटं. फोन जर बाळ झाल्यावर केला असता तर रविवार उजाडला असता, आणि रविवारी फोन उचलायला कोण, स्टोअर उघडायला कोण, तिथेच १२ तास संपले असते. शिकायचं ते एवढंच, की फोन लेबर चालू असताना करायचा.

आईने दूध पाजायचं, पहिल्या तासातच. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळालेल्या बाळाला दुधाने लागण होते म्हणून पावडरचं दूध चालू करायला लावणारे अजून भेटतात, ते चूक आहे. आणि नवरा, आधीची मुलं, घरात सोबत राहणारे यांची पण टेस्ट करून ज्यांना लागण नाही त्यांना लस द्या.

टप्पा ५: पुढचे डोस, आणि राहून गेलेले

जन्मडोस एकटा पुरत नाही. पुढचे तीन डोस पेंटाव्हॅलंटमधूनच, म्हणजे पाच आजारांच्या एकत्र लसीतूनच, जातात, ६, १० आणि १४ आठवड्यांना. वरच्या बाळाच्या तारखा होत्या १२ एप्रिल, १० मे, ७ जून. पहिला झाला, मग आई सासरी गेली, आणि दुसऱ्याला आली ती थेट २० जूनला. घाबरत विचारत होती की परत पहिल्यापासून का. नाही. *राहिलेला डोस जिथे सुटला तिथून पुढे चालू करायचा, पहिल्यापासून कधीच नाही.* फक्त दोन पेंटामधे किमान ४ आठवडे हवेत, म्हणून २० जूनला दुसरा आणि १८ जुलैला तिसरा. उशीर झाला म्हणून दोन डोस आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने उरकायचे नाहीत, तो डोस मोजला जात नाही.

जन्मडोसच राहिला असेल तर? सरकारी वेळापत्रकात हा डोस २४ तासांपर्यंतच आहे, तिथे पुढे ६ आठवड्यांचा पेंटा धरतात. पण आई पॉझिटिव्ह असेल किंवा तिचा रिपोर्ट माहीत नसेल तर "वेळ गेली" म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा, उशिरा दिलेल्या जन्मडोसचा फायदा रोज कमी होत जातो पण शून्य होत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही पुढच्या डोसपर्यंत कधीही द्या असंच सांगते.

वर्षाच्या आत एकही पेंटा झालेला नसेल तर मोठी फट राहते, कारण एक वर्षानंतर नव्याने सुरुवात करताना सरकारी केंद्रात डीपीटी देतात आणि डीपीटीमधे हिपॅटायटिस बी नसते. कार्ड भरलेलं दिसतं, घरचे निश्चिंत असतात, आणि ही एक लस आतून गायब असते. अशा मुलाला सुटी हिपॅटायटिस बीची लस तीन डोसमधे घ्यावी लागते, आज, एक महिन्याने, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी. ऊसतोड, वीटभट्टीवरच्या कुटुंबांची कार्डं बघताना मी हा रकाना मुद्दाम बोट ठेवून बघते.

*तपासा:* पॉझिटिव्ह आईच्या बाळाची रक्त टेस्ट ९ ते १२ महिन्यांच्या मधे, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस, म्हणजे व्हायरसविरुद्धच्या अँटीबॉडी किती आहेत ते, दोन्ही. नऊ महिन्यांच्या आत केली तर इम्युनोग्लोब्युलिनच्याच अँटीबॉडी दिसतात आणि लस लागली असा खोटा दिलासा मिळतो. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस १० किंवा वर म्हणजे बाळ सुरक्षित. दोन्हीत काही नाही आलं तर डॉक्टर पुन्हा डोस देतात. आमचं ते बाळ डिसेंबरमधे आलं, एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस १८०. आई रिपोर्ट वाचून तिथेच बाकड्यावर बसून रडली.

टप्पा ६: आता आपण स्वतः

लेबर रूम, लॅब, ओटी, ड्रेसिंग, आणि कचरा उचलणाऱ्या मावशी-मामा, हे शेवटचे लोक तर बायोमेडिकल कचऱ्याच्या पिशवीतून बाहेर आलेल्या सुया हाताळतात आणि लसीच्या यादीत त्यांचंच नाव नसतं. लस न घेतलेल्याला पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर लागण व्हायची शक्यता ६ ते ३० टक्के, आणि वाळलेल्या रक्तातही हा व्हायरस आठवडाभर जिवंत राहतो.

डोस १ मिली, *दंडात*, ०, १ आणि ६ महिन्यांना. कुल्ल्यावर घेतलेली लस मोठ्या माणसाला नीट लागत नाही. सगळ्यात जास्त सुटतो तो सहा महिन्यांचा डोस, पहिल्या दोनला जोश असतो आणि मग बदली होते, रजा होते. सुटला तरी इथेही तोच नियम, जिथे थांबला तिथून पुढे.

तिसऱ्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटी-एचबीएस टेस्ट करा. लक्षात घ्या, *अँटी*-एचबीएस. लॅबला नुसतं "हिपॅटायटिस बी टेस्ट" लिहून दिलं तर ते एचबीएसएजी करतात, ती निगेटिव्ह येते आणि माणूस समजतो की लस लागली, पण ती टेस्ट लागण आहे का एवढंच सांगते. आकडा १० च्या खाली आला तर अजून तीन डोसची दुसरी फेरी आणि परत टेस्ट. सहा डोस होऊनही १० च्या खाली असेल तर एचबीएसएजी बघून घ्यायची, ती निगेटिव्ह असेल तर तुमच्या शरीराने लसीला उत्तर दिलेलं नाही, तशी कागदावर नोंद ठेवा, कारण सुई टोचल्यावर तुमचा रस्ता वेगळा असेल. ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी तीन डोस घेतले पण टेस्ट कधी केलीच नाही त्यांनी आता करा, कमी आली तर आधी एकच डोस आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत टेस्ट.

टप्पा ७: सुई टोचली तर, याच क्रमाने

१. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, तोंडाने चोखू नका, ब्लीच-स्पिरिट ओतू नका. डोळ्यात उडालं तर नुसत्या पाण्याने भरपूर धुवा.

२. ड्यूटी संपायची वाट न बघता लगेच डॉक्टरांना सांगा आणि रजिस्टरमधे वेळ लिहा. एचआयव्हीच्या गोळ्या लागणार असतील तर त्या पहिल्या काही तासांत चांगल्या, ७२ तासांनंतर नाही.

३. पेशंटची एचबीएसएजी, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी टेस्ट. सुई कचऱ्यातली असेल आणि पेशंट कळतच नसेल तर पॉझिटिव्ह धरून चाला.

४. तुमचा आकडा १० किंवा वर असल्याचा कागद असेल तर हिपॅटायटिस बीसाठी काही लागत नाही. लस झालेलीच नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन आणि लसीचा पहिला डोस दोन्ही, वेगवेगळ्या जागी, शक्यतो २४ तासांत, जास्तीत जास्त ७ दिवसांत, प्रमाण वजनावरून डॉक्टर ठरवतात. सहा डोस होऊनही आकडा न आलेल्यांना इम्युनोग्लोब्युलिन दोनदा, महिन्याच्या अंतराने.

५. सहा महिन्यांनी परत रक्त तपासा.

म्हणून स्वतःच्या अँटी-एचबीएसचा रिपोर्ट फोनमधे ठेवा आणि एक झेरॉक्स इन्चार्ज सिस्टरकडे द्या. रात्री तीन वाजता सुई टोचल्यावर तो कागद असेल तर दहा मिनिटांत निर्णय होतो, नसेल तर त्याच गाडीने तुम्हाला इम्युनोग्लोब्युलिनसाठी जिल्ह्याला जावं लागतं.